जिना उतरतो तो कुठे?

ढाक्याजवळच्या आशुलियात ‘तझरीन फॅशन्स’ नावाचा नऊ मजली कपडे कारखाना होता. २४ नोव्हेंबर २०१२ च्या संध्याकाळी ओव्हरटाइम चालू असताना तिथे आग लागली आणि किमान ११२ कामगार मेले. इमारतीला जिने तीन होते, म्हणजे मोजायला पुरेसे. पण तिन्ही जिने तळमजल्यावर उतरत. तिथे सूत आणि कापड रचून ठेवलेले होते, आणि आग लागली तीही तिथेच. बाहेरच्या बाजूने उतरायला एकही जिना नव्हता.

वाट कशी बंद होते

आगीच्या वेळी उघडा जिना धुराड्याचे काम करतो. खालचा धूर वर ओढला जातो आणि ज्वाळा वर पोचण्याआधीच माणसे गुदमरतात. तझरीनमध्ये अलार्म वाजला तेव्हा काही सुपरवायझरांनी कामगारांना परत मशीनवर बसवले आणि काही ठिकाणी जाळीच्या गेटांना कुलपे होती. खिडक्यांना गज. काहींनी एक्झॉस्ट पंखे उचकटून त्या भोकातून उड्या मारल्या.

कुलपामागचे कारण बहुधा साधे असते: माल चोरीला जाऊ नये. दुसरे कारण त्याहून साधे, जागा नाही. माल पाठवायच्या आदल्या दिवशी कार्टन कुठे ठेवायची, तर जिन्याच्या वळणावर. म्हणून नुसती दारे मोजून काही कळत नाही. शिफ्ट सुटायच्या जरा आधी सगळ्यांत लांबच्या मशीनपासून निघावे आणि थेट रस्त्यावर येईपर्यंत चालून पाहावे. वाटेत ट्रॉली बाजूला ढकलावी लागली, किल्ली मागावी लागली किंवा दार आतल्या बाजूला ओढावे लागले, तर ती वाट नकाशावरच आहे. जिन्याच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला खोक्यांचे घासटे दिसले, तर आज रिकामा असलेला जिना काल भरलेला होता असे समजावे.

तूस

ओव्हरलॉक मशीन शिवता शिवता कापडाची कड कापत जाते. त्यातून उडणारे बारीक तंतू ट्यूबलाइटच्या पट्टीवर, मोटरवर, स्विचबोर्डाच्या आत जाऊन बसतात. कापसाचा गठ्ठा सावकाश धुमसतो, पण तुसाच्या थराला सगळीकडून हवा मिळते. सैल वायरची एक ठिणगी पुरते आणि ज्योत त्या थरावरून धावत जाते. पुढे कतरणीचा ढीग लागला की आग तिथे मुक्काम करते.

साफसफाईच कधीकधी धोका वाढवते. हवेच्या पाइपने मशीन फुंकली की तूस नाहीसे होत नाही, उडून वरच्या केबल ट्रेवर जाऊन बसते. ते व्हॅक्यूमनेच ओढून घ्यायला हवे, आणि तेही वरून खाली. ट्यूबवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला राखाडी लोकर लागली, तर स्विचबोर्डही उघडून बघायला हवा.

दाटीचे गणित

आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यांसाठी माणशी १४.२ घनमीटर जागा ठरवली आणि ४.२ मीटरच्या वरची उंची हिशेबात धरायची नाही असे सांगितले. ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच हॉल धरा. तो भरतो १२६० घनमीटर, म्हणजे ८८ माणसे. पण हे माप खोलीच्या हवेचे आहे, चालायच्या जागेचे नाही. त्याच हॉलमध्ये टेबले, रॅक आणि बंडले ठेवली की माणसे ८८ च राहतात, गल्ली मात्र वीतभर होते. एक मीटर रुंद मोकळ्या दारातून मिनिटाला साधारण साठ-सत्तर माणसे जातात. अर्ध्या दारात कार्टन असेल तर त्याच्या निम्मीही जात नाहीत, कारण मग एकेकाला आडवे होऊन निघावे लागते.

बोटातली सुई

आगीची बातमी होते. सुई मात्र रोज कुणाच्या तरी बोटात जाते. साधी शिलाई मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते, त्यामुळे हात मागे घ्यायला वेळच नसतो. सुईपुढचा तारेचा गार्ड दोरा ओवताना आड येतो, म्हणून कारागीर तो काढून ठेवतो. पीस रेटचा दबाव असताना त्याला दोष देणे सोपे आहे. दोरा ओवताना पेडलवरचा पाय काढावा आणि मशीन बंद करावी. जुनी क्लच मोटर बटण बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहते, तेव्हा ती थांबेपर्यंत थांबावे.

सुई नखातून आरपार गेली तर हात ओढू नये. मशीन बंद करून हाताने चाक फिरवावे आणि सुई वर घ्यावी. सुई मोडली असेल तर मग तुकडे जुळवून पाहावे. टोक सापडत नसेल तर ते बोटात असू शकते. अशा वेळी एक्स-रे काढावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही डॉक्टरांना विचारावे.

गंमत अशी की तुटलेल्या सुईची नोंदवही निर्यातीच्या कारखान्यांत काटेकोर असते. तुकडे जोडून पानावर चिकटपट्टीने लावतात, एक तुकडा कमी असला तर आसपासचा माल मेटल डिटेक्टरखालून काढतात. परदेशातल्या लहान मुलाला फ्रॉकमधली सुई टोचू नये म्हणून ही वही आहे. त्याच पानावर ‘कुणाच्या बोटात गेली?’ असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.