खातं डिलीट करण्याआधी डाउनलोड उघडून बघा

चॅटजीपीटीचं खातं कायमचं बंद करताय? मग आधी एक्सपोर्ट घ्या, कारण खातं गेलं की तो मागायला लॉगिनच उरत नाही. सेटिंग्जमधल्या 'Data controls' मध्ये जाऊन मागणी केली की ईमेलवर लिंक येते आणि ती 24 तासांत मरते. झिप उतरली एवढ्यावर थांबू नका. आतली chat.html उघडा, एखादं जुनं संभाषण शोधून बघा. ही फाइल तुमच्या डिस्कवर असते, त्यामुळे खातं डिलीट झालं तरी ती तशीच राहते. सायबर कॅफेत उतरवली असेल तर तिथूनही ती तुम्हालाच पुसावी लागेल!

मेमरीचा हिशेब वेगळा. एखादं चॅट डिलीट केलं तरी त्यातून जतन झालेली नोंद, समजा 'मला मधुमेह आहे', तशीच राहते. ती मेमरीच्या यादीतून स्वतंत्रपणे काढावी लागते. खातं डिलीट केलं की मात्र दोन्ही जातात. कंपनीच्या म्हणण्यानुसार सर्व्हरवरून पुसायला 30 दिवसांपर्यंत लागतात. कायद्यासाठी किंवा सुरक्षेसाठी काही माहिती त्यापुढेही ठेवली जाऊ शकते.

आणि हो, ॲप स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन तिथेच जाऊन रद्द करा. नाहीतर पैसे कापले जातच राहतील.