वाय-फायला फुल फॉर्मच नाही

स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत संगणकाचे एक पान ठरलेले असते. डावीकडे लघुरूपे, उजवीकडे त्यांचे फुल फॉर्म. या यादीत वाय-फायसमोर बरेचदा ‘वायरलेस फिडेलिटी’ असे छापलेले सापडते. पाठ करायला सोपे असले तरी हे उत्तर चुकीचे आहे. वाय-फाय हे कशाचेही लघुरूप नाही.

या नावाचा जन्म १९९९ सालचा. बिनतारी जोडणीची उपकरणे बनवणाऱ्या सहा कंपन्यांनी त्या वर्षी एक संघटना काढली. एका कंपनीचे उपकरण दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाशी बिनतक्रार बोलले पाहिजे, हा तिचा हेतू. ज्या तांत्रिक मानकावर हे सारे चालणार होते त्याचे नाव होते ‘आय-ट्रिपल-ई ८०२.११ बी’. हे नाव सांगून दुकानात माल खपणार नाही, हे उघड होते. म्हणून संघटनेने ‘इंटरब्रँड’ या नावे शोधून देणाऱ्या कंपनीला काम दिले. तिने सुचवलेल्या नावांतून ‘वाय-फाय’ निवडले गेले. संगीताच्या शौकिनांना ‘हाय-फाय’ हा शब्द आधीपासून ठाऊक होता. त्याच्याशी यमक जुळत होते, एवढेच.

मग ‘वायरलेस फिडेलिटी’ आले कुठून? संघटनेच्या संस्थापकांपैकी फिल बेलँजर यांनी ही हकिगत पुढे जाहीरपणे सांगितली. अर्थ नसलेले नाव वापरायला काही सदस्य बिचकत होते. त्यांच्या समाधानासाठी नावाखाली ‘द स्टँडर्ड फॉर वायरलेस फिडेलिटी’ ही ओळ जोडण्यात आली. हाय-फायमधल्या ‘फिडेलिटी’ला अर्थ आहे: मूळ आवाजाशी इमान राखणे. बिनतारी जोडणी कशाशी इमान राखणार, याला उत्तर नव्हते. ती ओळ लवकरच वगळली गेली, पण तोवर ती वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत शिरली होती. नाव मात्र इतके रुजले की २००२ मध्ये संघटनेनेच ‘वाय-फाय अलायन्स’ असे नाव घेतले.

बाकीची लघुरूपे मात्र खरोखरची लघुरूपे आहेत. त्यांतली तीन एकाच ओळीत भेटतात:

```
https://www.example.com/form.pdf
```

ही संपूर्ण ओळ म्हणजे यूआरएल, अर्थात ‘युनिफॉर्म रिसोर्स लोकेटर’. रिसोर्स म्हणजे हवी असलेली वस्तू, मग ते पान असो, चित्र असो की फाइल. लोकेटर म्हणजे ती सध्या कुठे आहे हे सांगणारा पत्ता. युनिफॉर्म म्हणजे सगळ्या पत्त्यांची मांडणी एकाच साच्यातली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांना मात्र वेगळे शब्द हवे होते: ‘युनिव्हर्सल’ आणि ‘आयडेंटिफायर’. वस्तूला कायमची ओळख मिळावी, असा त्यांचा आग्रह. १९९२ पासून इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींसोबत यावर चर्चा झडल्या. ‘युनिव्हर्सल’ हा शब्द काहींना फार मोठा दावा वाटला, आणि पत्ते बदलतातच, तेव्हा ‘लोकेटर’च योग्य, असे मत पडले. डिसेंबर १९९४ च्या मानकात ‘युनिफॉर्म रिसोर्स लोकेटर’ हेच नाव आले. जुना दुवा उघडायला जावे आणि पान सापडू नये, हा रोजचा अनुभव या ‘लोकेटर’ शब्दाला धरूनच आहे.

पत्त्याच्या सुरुवातीचे http म्हणजे ‘हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल’. एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात थेट उडी मारता येते तो हायपरटेक्स्ट. हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात, वेबच्या कितीतरी आधी, घडवला. ट्रान्सफर म्हणजे ने-आण आणि प्रोटोकॉल म्हणजे ती करताना दोन्ही बाजूंनी पाळायचा संवादाचा शिरस्ता. तो संवाद आश्चर्य वाटावे इतका साधा असू शकतो. वरच्या पत्त्यासाठी ब्राउझर साधारण एवढेच म्हणतो:

```
GET /form.pdf HTTP/1.1
Host: www.example.com
```

म्हणजे, ‘या यजमानाकडची ही फाइल द्या’. फाइल असेल तर पलीकडून २०० हा आकडा आणि फाइल येते. नसेल तर ४०४ येतो. आज ही भाषा अधिक आटोपशीर रूपांतही बोलली जाते, पण मागणी आणि उत्तर हा क्रम तोच आहे.

शेवटचा s ‘सिक्युअर’चा. त्याच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. वाटेतल्या कोणाला संवाद वाचता येऊ नये आणि त्यात फेरफार करता येऊ नये, याची हमी तो देतो. पलीकडचा माणूस सज्जन आहे, अशी हमी देत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मोफतही मिळते, त्यामुळे ठगांच्या पत्त्यालाही s असू शकतो. उदाहरणार्थ हा पत्ता पाहा:

```
https://maharashtra.gov.in.example.com/form.pdf
```

घाईत वाचणाऱ्याला हे सरकारी संकेतस्थळ वाटेल. पण मालक ओळखायचा तर https:// नंतरची पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिथून उलट, उजवीकडून डावीकडे वाचावे. इथे शेवटी example.com आहे, म्हणून मालक तोच. त्याआधी त्याला हवे ते लिहिता येते. gov.in वरच्या खऱ्या सरकारी पत्त्यात त्या रेघेच्या लगेच आधी .gov.in असते. (example.com हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे.)

उरला पीडीएफ, म्हणजे ‘पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट’. अडोबी कंपनीचे जॉन वॉरनॉक यांनी १९९१ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये ती बाजारात आली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पोर्टेबल म्हणजे कुठेही नेले तरी तसेच दिसणारे. त्यासाठी अक्षरांचे आकार, म्हणजे फॉन्टचा लागणारा भाग, फाइलमध्येच भरून पाठवता येतो.

पण हा शब्द दिसण्याबद्दलच वचन देतो. मराठी वाचकाला त्याची झळ लवकर लागते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पीडीएफमध्ये स्वच्छ मराठी दिसतो. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. कारण फाइलच्या पोटात ती रोमन अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देत असतो. युनिकोड मजकुराची पीडीएफ नीट बनली नसेल तरी घोळ होतो. ‘कि’ मधली पहिली वेलांटी काढली जाते ‘क’च्या आधी, पण साठवायची असते नंतर. काढण्याचा क्रम तसाच उचलला गेला की चिकटवलेल्या मजकुरात वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच, असतो तो नुसता फोटो.

हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. फाइल उघडावी, पानावर दिसणारा एखादा मराठी शब्द शोधपट्टीत युनिकोडमध्ये टंकावा. सापडला नाही, तर तो मजकूर पुढे शोध, भाषांतर किंवा अंधांसाठीचे वाचनयंत्र यांपैकी कशालाच धड उपयोगी पडणार नाही. संस्थेचे अहवाल, परिपत्रके किंवा दिवाळी अंक पीडीएफ करून पाठवणाऱ्यांनी ही तपासणी पाठवण्याआधी करावी.