तोतया साखर

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते तेव्हा जे आजार होतात, त्यांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. लहान वयातला मधुमेह, थायरॉईडचा हाशिमोटो आजार, कोड, ल्यूपस हे सगळे याच घरातले. यांतल्या बहुतेक आजारांत हल्ला नेमका कधी सुरू झाला हे सांगता येत नाही, कारण रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तोवर महिने, कधी वर्षेही उलटलेली असतात. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, याला अपवाद आहे. इथे बहुतेक वेळा हल्ल्याचे निमित्त, त्याची वाट आणि त्याचा शेवटही पाहता येतो. म्हणून शरीर स्वतःवर का उलटते हे समजून घ्यायला याहून सोपा आजार नाही.

महाराष्ट्राला हे नाव जानेवारी २०२५ मध्ये माहीत झाले. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला या भागांत हातापायांतली शक्ती गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. पुढच्या काही आठवड्यांत ही संख्या दोनशेच्या वर गेली. एरवी लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होणारा हा आजार. संशय पाण्यावर गेला, आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात बिनबोभाट राहतो. माणसाच्या पोटात गेला तर ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात आणि चार-सहा दिवसांत सगळे आपोआप ओसरते.

बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. एखाद्याची मात्र एक ते तीन आठवड्यांनी नव्याने सुरू होते. पायांना मुंग्या येतात, जिना चढताना गुडघे दुमडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येत नाही. अशक्तपणा पायांकडून वर सरकतो आणि साधारण दोन्ही बाजूंना सारखाच असतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीने टकटक करतात तेव्हा पाय उडत नाही. पाठीच्या कण्यातले पाणी तपासले तर त्यात प्रथिने वाढलेली पण पेशी जेमतेम, अशी विजोड जोडी दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत हीच जोडी टिपली होती. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांतले बळ असे जाऊ लागले, तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे लागते. चार-पाच रुग्णांतल्या एकाच्या छातीचे स्नायूही दुबळे होतात आणि त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

जुलाब आतड्यात, मग पाय का लुळे पडावेत? पायांत जिवाणू गेलेलाच नसतो. उत्तर आहे एका साखरेत.

चेतातंतूंच्या बाहेरच्या पडद्यावर चरबी आणि साखर जोडून झालेले रेणू रोवलेले असतात. त्यांची साखळी बाहेर तोंड करून उभी असते. यांतल्या एकाचे नाव जीएम-१. कॅम्पिलोबॅक्टरच्या कवचावरही साखरेच्या साखळ्या असतात आणि या जिवाणूच्या काही वाणांत साखळीचे टोक हुबेहूब जीएम-१सारखे असते. अगदी सियालिक आम्ल नावाचा खास तुकडाही त्याच जागी. शरीराचा वेष घेतलेल्या जंतूवर पहारेकऱ्याची नजर पडू नये, हा जिवाणूचा त्यातला फायदा असावा. याला आण्विक साधर्म्य म्हणतात. मराठी वाचकाला ‘तोतया’ हा शब्द जास्त जवळचा. पण पेशवाईतल्या तोतयाच्या आणि या तोतयाच्या कथेत एक फरक आहे. इथे तोतया पकडला जातो, मारला जातो, आणि त्याच्या चेहऱ्याचे वर्णन घेऊन फिरणारे शिपाई नंतर खऱ्या माणसालाही गाठतात.

ते शिपाई म्हणजे प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी. जुलाब सुरू झाल्यावर बी-पेशी जिवाणूच्या साखरेला चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात. ती भरपूर तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. जुलाब आणि लुळेपणा यांच्यात जो काळ मोकळा जातो, तो हाच. रक्तातून फिरताना ही प्रतिपिंडे चेतातंतूवरच्या जीएम-१ला चिकटतात. मोठ्या चेतातंतूभोवती मायलिनचे वेष्टन असते आणि त्या वेष्टनात मिलिमीटरभराच्या अंतराने बारीक फटी असतात. संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो. जीएम-१ची दाटी नेमकी या फटींपाशी असते. प्रतिपिंड चिकटले की रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने तिथे जमतात आणि पडद्याला भोके पाडतात. फटीजवळच्या सोडियमच्या वाटा विस्कटतात आणि संदेशाची उडी हुकते. मागून भक्षक पेशी येतात. त्या चेतातंतूच्या गाभ्यापर्यंत शिरल्या तर नुकसान खोल जाते.

याच जिवाणूचे एक भावंड डोळ्यांना धरते. साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल बसवण्याचे काम जिवाणूतले एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्या विकराच्या लांबलचक साखळीत ५१व्या जागी एक अमिनो आम्ल असेल तर तयार होणारी साखर जीएम-१सारखी दिसते आणि हातपाय जातात. तिथे दुसरे अमिनो आम्ल असेल तर साखर जीक्यू-१बी या वेगळ्या रेणूसारखी होते. हा रेणू डोळे फिरवणाऱ्या स्नायूंच्या चेतांवर जास्त असतो. मग रुग्णाला एकाची दोन माणसे दिसतात आणि चालताना तोल जातो, पण हातापायांतली शक्ती बरीचशी शाबूत राहते. जंतूच्या कारखान्यातला एक सुटा भाग बदलला की माणसातला आजार बदलतो, इतके चोख उदाहरण वैद्यकात फार थोडे आहे.

साधर्म्याच्या कल्पनेवर विश्वास ठेवताना मात्र हात आखडताच ठेवावा लागतो. जंतूंची आणि माणसाची प्रथिने संगणकावर शेजारी ठेवली, तर पाच-सहा अमिनो आम्लांचे तुकडे शेकड्यांनी जुळतात. नुसत्या जुळण्यावरून कोणताही जंतू कोणत्याही आजाराचा आरोपी ठरवता येईल. जीबीएसमध्ये पुरावा पुढपर्यंत गेला आहे. जपानमध्ये नोबुहिरो युकी यांच्या गटाने १९९३ साली रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूच्या कवचात जीएम-१सारखी साखर दाखवली. मग २००४ साली सशांना तेच कवच टोचल्यावर सशांच्या रक्तात जीएम-१विरोधी प्रतिपिंडे आली आणि त्यांचे पाय लुळे पडले. आरोपी, हत्यार आणि जखम तिन्ही एकत्र सापडले. जीबीएसच्या ज्या प्रकारात मायलिनचे वेष्टनच सोलवटून निघते, त्यात मात्र नेमके लक्ष्य इतके स्वच्छ सापडलेले नाही.

आता उरतो खरा प्रश्न. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या हजारांत एकालाही जीबीएस होत नाही. बाकीचे कसे सुटतात? काहींच्या पोटात गेलेल्या वाणाला तो वेषच नसतो. पण वेष असलेला वाण गेला तरी बहुतेकजण बरे राहतात, कारण शरीर स्वतःच्या खुणा सहन करायला आधीपासून शिकलेले असते. या शिक्षणाला सहिष्णुता म्हणतात.

बी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात. प्रत्येकीचा ग्राहक, म्हणजे रेणू ओळखण्याचा हात, जनुकांचे तुकडे फासे टाकल्यासारखे जोडून बनतो, त्यामुळे स्वतःच्या रेणूला चिकटणारे हातही हमखास तयार होतात. अशा पेशीला बहुधा मज्जेतच मारले जाते किंवा हात बदलायला लावले जाते. थोड्या निसटतात, पण त्या सुस्त करून ठेवलेल्या असतात. त्यांना जागे करायला दोन किल्ल्या लागतात. पहिली किल्ली म्हणजे नेमका रेणू. दुसरी म्हणजे धोक्याची सूचना. अंगातला जीएम-१ जन्मभर समोर असतो, पण धोक्याची सूचना नसते, म्हणून पेशी झोपून राहते. कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात आणतो. त्याच्या साखरेच्या बुडाशी असलेली जिवाणूची चरबी हीच शरीराच्या लेखी धोक्याची घंटा. चेहरा ओळखीचा आणि सोबत घंटा, अशा अवस्थेत सुस्त पेशी क्वचित कोणात तरी जागी होते.

संसर्ग संपला की घंटा थांबते. चेतातंतूवरचा जीएम-१ तिथेच असतो, पण एकट्याने तो पेशींना पेटते ठेवू शकत नाही. प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात. म्हणून जीबीएस चार आठवड्यांच्या आत टोकाला पोहोचतो, थबकतो आणि उतरू लागतो. उपचार तेवढा काळ निभावून नेण्यासाठी असतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून गोळा केलेले इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस शिरेतून देतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. दुसरा पर्याय रक्तद्रव बदलण्याचा. इतर स्वयंप्रतिकार विकारांत हुकमी ठरणारी स्टेरॉइडे इथे उपयोगी पडत नाहीत. फटीतला बिघाड वरवरचा असेल तर रुग्ण आठवड्यांत उभा राहतो. चेतातंतू तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, आणि कण्यापासून पावलापर्यंतचे अंतर मीटरभर असते.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात आग अशी विझत नाही. तिथे बाहेरचा तोतया लागतोच असे नाही, शिक्षणातच त्रुटी असते. टी-पेशींची शाळा छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत भरते. तिथल्या काही पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या मदतीने शरीरभरच्या प्रथिनांचे नमुने बनवतात. त्यात स्वादुपिंडात बनणारे इन्सुलिनही आले. जी टी-पेशी या नमुन्याला घट्ट धरते तिचा तिथेच निकाल लागतो. इन्सुलिनच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक पुन्हा पुन्हा येणारा तुकडा असतो. तो आखूड असेल तर थायमसमध्ये इन्सुलिन कमी बनते आणि लांब असेल तर दोन-तीन पट जास्त. आखूड तुकडेवाल्यांना या मधुमेहाचा धोका जास्त असतो. धडा अपुरा दिला, म्हणून इन्सुलिनवर चालून जाणाऱ्या पेशी परीक्षेतून सुटल्या, असा याचा सरळ अर्थ.

सुटलेल्यांना आवरायला शरीरात नियामक टी-पेशी असतात. या पेशींच्या आणि त्या घडवणाऱ्या फॉक्स-पी-३ जनुकाच्या शोधासाठी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५चे नोबेल मिळाले. हे जनुक जन्मतः बिघडलेल्या मुलांना पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह, इसब आणि न थांबणारे जुलाब एकत्र होतात. सर्वसाधारण रुग्णात बिघाड इतका ढोबळ नसतो, पण या पेशी कमी पडल्या की इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला सुरू होतो. मेलेल्या पेशी फुटतात, आतली एरवी झाकलेली प्रथिने बाहेर पडतात आणि त्यांच्याविरुद्धही टी-पेशी आणि प्रतिपिंडे उभी राहतात. रक्तात आधी एक, मग दोन, मग तीन प्रकारची स्वप्रतिपिंडे दिसतात. दोन किंवा अधिक आढळली की मूल बाहेरून ठणठणीत असले तरी पुढे मधुमेह होणे जवळपास निश्चित असते. तहान आणि वारंवार लघवी ही लक्षणे दिसतात तेव्हा बहुतेक बीटा पेशी कामातून गेलेल्या असतात.

या टप्प्यात टी-पेशींना थोपवणारे टेप्लिझुमॅब हे औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते चौदा दिवस शिरेतून देतात आणि मधुमेह सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला जातो.