द्वितीय विकलजांवाचून लघुतम मूल्य : बीएफजीएस पद्धती

अनेक चलांच्या फलाचे लघुतम मूल्य शोधण्याची न्यूटनची पद्धत वेगवान असली, तरी खर्चिक आहे. तिला प्रत्येक पायरीवर सर्व द्वितीय विकलज, म्हणजेच हेसियन मॅट्रिक्स, लागते. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम डेव्हिडन यांना मात्र वेगळीच अडचण होती. त्या काळचे संगणक इतके बेभरवशाचे होते, की लांबलचक गणित पुरे होण्याआधीच बंद पडत. या निकडीतून त्यांनी १९५९ मध्ये नवी पद्धत मांडली. त्यांचा निबंध तेव्हा नाकारला गेला आणि नियतकालिकात छापून यायला १९९१ साल उजाडले. १९७० मध्ये ब्रॉयडन, फ्लेचर, गोल्डफार्ब आणि शॅनो यांनी स्वतंत्रपणे तिचे सुधारित रूप शोधले. त्या चौघांच्या आद्याक्षरांवरून ते ‘बीएफजीएस’ म्हणून ओळखले जाते.

पद्धतीचे मर्म छेदिका-अटीत आहे. नुकतेच टाकलेले पाऊल s आणि त्यामुळे उतारसदिशात पडलेला फरक y मानू. हेसियनच्या व्यस्ताचा अंदाज H असा दुरुस्त करायचा, की Hy = s व्हावे. या अटीत बसणारी मॅट्रिक्स असंख्य असतात. त्यांपैकी विशिष्ट मापाने जुन्या अंदाजाला सर्वांत जवळची सममित मॅट्रिक्स बीएफजीएस निवडते, त्यामुळे आधी मिळालेली माहिती शक्य तितकी टिकते.

f = ½(x² + 9y²) हे फल घेऊ (येथील y हे चल आहे). (९, १) या बिंदूपाशी उतार (९, ९) आहे. H एकक मॅट्रिक्स धरून उताराच्या उलट दिशेने नेमके लघुतम मूल्य गाठेपर्यंत गेल्यास ०.२ पट पाऊल पडते आणि आपण (७.२, –०.८) येथे पोहोचतो. येथून पुढेही केवळ तीव्रतम उतार धरला, तर प्रत्येक पायरीला अंतर जेमतेम ०.८ पट होते. x चे मूळचे ९ हे मूल्य ०.००१ च्या खाली आणायला ४१ पायऱ्या लागतात. बीएफजीएसमध्ये s = (–१.८, –१.८) आणि उतारातील फरक (–१.८, –१६.२) यांवरून H दुरुस्त होते. नवी दिशा (–१२.९६, १.४४) येते आणि ५/९ पट पाऊल टाकताच आपण थेट (०, ०) वर पोहोचतो. पायऱ्या दोनच, आणि द्वितीय विकलज एकही नाही.

फल द्विघाती नसेल, तर इतकी अचूकता मिळत नाही. तरी योग्य अटींखाली लघुतम बिंदूजवळ अतिरेषीय अभिसरण होते, म्हणजे लागोपाठच्या त्रुटींचे गुणोत्तर शून्याकडे जाते. यासाठी H खऱ्या व्यस्ताइतके होण्याची गरजच नसते. टाकलेल्या पावलाच्या दिशेत अंदाज खरा ठरला की पुरे, हे डेनिस आणि मोरे यांनी १९७४ मध्ये सिद्ध केले. मला या सिद्धान्तातील हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. s आणि y यांचा अदिश गुणाकार धन असलाच पाहिजे. तो ऋण असताना दुरुस्ती केली, तर H धननिश्चित राहत नाही आणि पुढची दिशा चढाचीही निघू शकते. म्हणून पावलाची लांबी वुल्फच्या अटींनुसार ठरवतात. शिवाय १०,००० चलांसाठी H मध्ये १० कोटी संख्या साठवाव्या लागतात. अशा वेळी शेवटच्या मोजक्याच s, y जोड्या जपणारी मर्यादित-स्मृती आवृत्ती वापरावी.