टीव्हीचं काजळ

सांगलीला मामांकडे गेलो की रात्रीच्या जेवणानंतर एक जुना सिनेमा ठरलेला असतो. गेल्या दिवाळीत 'सिंहासन' लावला. जब्बार पटेलांचा, 1979 चा, कृष्णधवल. टीव्ही मात्र नवाकोरा, 55 इंची, फोर-के. "बघ, कसं कोरल्यासारखं दिसतंय," मामा कौतुकानं म्हणाले. कोरल्यासारखं दिसत होतं हे खरंच. दिगू टिपणीस झालेल्या निळू फुल्यांच्या खांद्याच्या कडेनं कुणी खडूनं गिरवावी तशी पांढरी रेघ होती आणि चेहऱ्याची कातडी मेणाची वाटत होती. खिडकीजवळ बसलेला दिगू मला पत्रकार कमी आणि शोकेसमधला पुतळा जास्त वाटला.

टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. कारखान्यातून आला तसाच तो लावलेला होता आणि त्यात दोन 'सुधारणा' आधीपासून चालू होत्या. खडूची रेघ शार्पनेसची होती आणि मेण नॉइज रिडक्शनचं.

शार्पनेस म्हणजे नक्की काय होतं? करड्या भिंतीपुढे काळा कोट घातलेला माणूस उभा आहे असं समजा. जिथे कोट संपून भिंत सुरू होते तिथे टीव्ही कोटाची कड आणखी काळी करतो आणि तिला लागून असलेली भिंत आणखी उजळ करतो. दोन्हींतला फरक वाढला की आपल्या डोळ्याला कड धारदार झाल्यासारखी वाटते. पण कोटाच्या कापडाची वीण त्यामुळे जास्त दिसू लागत नाही, कारण जी माहिती चित्रात आलेलीच नाही ती टीव्ही या युक्तीनं आणू शकत नाही. काजळ घातलं की डोळे उठून दिसतात, नजर सुधारत नाही, तसाच हा प्रकार. उलट नुकसानच होतं. तो उजळ पट्टा दोन-तीन पिक्सेल रुंद असतो आणि तेवढ्या जागेत खरोखर जे काही असेल, केसाची एखादी बट किंवा साडीच्या काठातला धागा, ते त्याच्याखाली झाकलं जातं.

मग हे बटण टीव्हीवर आलंच कशाला? एके काळी त्याची खरोखर गरज होती. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपल्याकडे आलेल्या पाल पद्धतीत रंगाची माहिती चित्राच्या मूळ माहितीतच मिसळून पाठवलेली असायची. ती वेगळी काढताना साध्या संचात चित्रातले बारीक तपशील थोडे गाळले जात. व्हीएचएस कॅसेट लावली तर आणखी हाल, कारण तिच्यावर आडव्या दिशेनं जेमतेम 240 रेघांइतकाच तपशील मावायचा. अशा मऊ पडलेल्या चित्रात बारीक तपशिलाचा उरलासुरला भाग जरा उचलून धरणं हे औषधच होतं. आज एचडी चित्रातला 1920 गुणिले 1080 मधला प्रत्येक ठिपका आकड्याच्या रूपात येतो. एचडीएमआयच्या वायरमध्ये त्यातलं काही झिजत नाही. आजार गेला, औषध मात्र रोजच्या रोज चालूच आहे.

नॉइज रिडक्शनचं दुखणं जरा वेगळं आहे. त्याचा मुख्य प्रकार लागोपाठच्या चौकटी एकमेकींशी ताडून पाहतो. प्रत्येक चौकटीत जे तसंच राहतं ते चित्र आणि जे सारखं बदलत राहतं तो खरखराट, असा त्याचा हिशेब. म्हणून तो चौकटींची सरासरी काढतो. भिंत, टेबल, स्तब्ध आकाश यांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर येतो. पण हलणाऱ्या गोष्टीची सरासरी काढली की ती सारवल्यासारखी होते. क्रिकेटच्या सामन्यात हे चटकन पकडता येतं. चौकार जाताना कॅमेरा चेंडूमागे सरकतो तेव्हा सीमारेषेजवळचं गवत हिरव्या रंगाचा एक फराटा होतं, आणि कॅमेरा थांबला की क्षणभरानं गवताची पाती पुन्हा उगवतात. वेगानं फिरणाऱ्या कॅमेऱ्यात आणि पडद्यावर थोडा फराटा मुळातच असतो. पण कॅमेरा संथ सरकत असतानाही गवत विरघळत असेल आणि थांबल्यावर ते टप्प्याटप्प्यानं परत येत असेल, तर ते काम टीव्हीचं आहे. चित्र थांबवून मात्र हे तपासता येत नाही. थांबलेल्या चित्रात सगळ्या चौकटी सारख्याच असतात, त्यामुळे त्यांची सरासरीही तीच येते.

जुन्या सिनेमाचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांच्या कणांतून तयार झालेलं असतं आणि हे कण प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असतात. पडद्यावर त्यांची हलकी सळसळ दिसते. ती सळसळ म्हणजेच फिल्मचा पोत. टीव्हीच्या हिशेबात मात्र जे बदलतं ते कचरा, म्हणून तो कण पुसून टाकतो आणि त्यांच्याबरोबर कातडीवरची छिद्रं आणि सुरकुत्याही जातात. त्यानंतर शार्पनेस येऊन उरलेल्या कडा गिरवतो. एकानं पुसायचं आणि दुसऱ्यानं गिरवायचं, असा हा उद्योग आहे, आणि दिगू टिपणीसचा पुतळा झाला तो त्यातूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या परवानगीनं रिमोट हातात घेतला. आधी पिक्चर मोड बदलला. 'Vivid' किंवा 'Dynamic' नावाचा भडक मोड दुकानाच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करण्यासाठी असतो, त्यामुळे 'Movie' किंवा 'Cinema' घेतला. या मोडमध्ये बरीचशी रंगरंगोटी मुळातच कमी असते.

मग एक गोष्ट लक्षात आली जी फारसं कुणी तपासत नाही. सेट टॉप बॉक्सच्या चित्राच्या चारही कडा थोड्या कापल्या जात होत्या. बातम्यांच्या चॅनेलची खालची पट्टी अर्धवट दिसत होती, तिच्यावरून हे कळलं. जुन्या काचेच्या टीव्हीत कडेचा भाग चौकटीमागे जायचा, त्या काळाची ही सवय आहे. कडा कापल्या की उरलेलं चित्र ताणून पडदा भरावा लागतो, आणि ताणलेलं चित्र मऊ पडतं. ते मऊ पडलं म्हणून मामांनी शार्पनेस वाढवला होता! चित्राच्या आकाराच्या मेनूत याचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. कुठे 'Just Scan', कुठे 'Screen Fit', कुठे 'Full Pixel'. ते चालू केलं आणि अर्धं काम तिथेच झालं.

आता शार्पनेस. त्यासाठी लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला जोडला, चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये सगळी पाटी मध्यम करड्या रंगानं भरली आणि तिच्यावर काळ्या बारीक रेघा आणि काही अक्षरं काढली. पाटी करडीच हवी. पांढऱ्या पाटीवर काळी रेघ काढली तर तिच्या कडेचा उजळ पट्टा दिसतच नाही, कारण पांढऱ्याहून पांढरं काही होऊ शकत नाही. मामांच्या संचावर पट्टी 0 ते 100 होती आणि आकडा 65 वर होता. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरट झालर स्पष्ट दिसत होती. 40 वर ती बारीक झाली, 15 वर पुसट झाली आणि 5 वर गेली. पुढे 0 पर्यंत रेघेत काहीच बदल झाला नाही, म्हणून 0 वरच ठेवलं.

पण म्हणून सगळ्यांनी डोळे झाकून शून्य करू नये. सोनीच्या संचांवर 50 हा तटस्थ आकडा असतो आणि त्याखाली गेलं की टीव्ही उलट चित्र पुसट करू लागतो. आपल्या संचाचा आकडा शोधायचा तो असा: झालर जाईपर्यंत खाली यायचं, आणि काळी रेघच करडी पडून पसरायला लागली तर एक पायरी वर चढायचं. लॅपटॉप नसेल तर बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं पाहूनही साधारण अंदाज येतो. तो अंदाजच, कारण चॅनेलवालेही आपल्या बाजूनं कधी कधी कडा गिरवून पाठवतात.

नॉइज रिडक्शन 'Noise Reduction' आणि 'MPEG Noise Reduction' अशा दोन नावांखाली बंद केलं. काही संचांवर 'Digital Clean View', काहींवर 'Random noise reduction' अशी नावं असतात. 'Super Resolution' किंवा 'Reality Creation' हीसुद्धा शार्पनेसचीच भावंडं आहेत, त्यांनाही सुट्टी द्यावी. हे सगळं बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआयसाठी, टीव्हीतल्या ॲपसाठी आणि एचडीआर चित्रासाठी वेगवेगळं करावं लागतं. एकदा बंद केलं आणि दुसऱ्या ॲपवर पुन्हा मेणाचे चेहरे दिसले तर गोंधळून जाऊ नका. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी आपल्या टीव्हीत 'Filmmaker Mode' आहे का ते पाहावं. 2019 साली काही टीव्ही कंपन्या, स्टुडिओ आणि दिग्दर्शक यांच्या संमतीनं तो आला. शार्पनेस, नॉइज रिडक्शन आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय या तिन्हींना तो एका बटणात बाजूला ठेवतो.

एक अपवाद मी मामांकडे ठेवला. त्यांचे बरेचसे चॅनेल एसडी आहेत, म्हणजे 720 गुणिले 576 ठिपक्यांचे, आणि तेही दाबून दाबून पाठवलेले. 55 इंची पडद्यावर त्यांच्या अक्षरांभोवती डास घोंघावल्यासारखे ठिपके दिसतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. हे 'MPEG Noise Reduction' नेमकं त्याच्यासाठीच बनवलेलं आहे. म्हणून सेट टॉप बॉक्सच्या इनपुटवर तेवढं एक 'Low' केलं. मामेबहिणीच्या लग्नाची कॅसेटवरून उतरवलेली फीत पाहतानाही तेच ठेवतो. शार्पनेस मात्र तिथेही वाढवायचा नाही, कारण तो चेहऱ्यांबरोबर चौकोनांच्या कडाही गिरवतो.

संध्याकाळी मामा बसले आणि पहिलं वाक्य आलं, "अरे, धार गेली की!" गिरवलेल्या कडांची डोळ्याला सवय होते, त्यामुळे असं वाटतंच. "मामा, तीन दिवस हात लावू नका, मग ठरवा," एवढंच मी म्हणालो. चौथ्या दिवशी फोन आला. त्यांनी कुतूहल म्हणून शार्पनेस पुन्हा 65 वर नेऊन पाहिला होता आणि मामींनी लगेच विचारलं होतं, "हे अक्षरांना पांढरं काय लागलंय?"

तुम्ही हे सगळं केलंत तर शेवटी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टीव्ही दुरुस्तीला गेला किंवा कुणी चुकून फॅक्टरी रिसेट केलं की सगळे आकडे परत कारखान्यातले होतात.