हप्ता लांबला तर

आमचे मंडळ बालवाडी चालवते. अनुदानाचा हप्ता ठरलेला जुलैचा. पण मागच्या वह्या पाहिल्या, तर येतो ऑक्टोबरात. म्हणून अंदाजपत्रकात आम्ही तो ऑक्टोबरातच मांडतो. मंजुरीच्या कागदाने पगार भागत नाही!

जुलैच्या आरंभी हाती १५,००० रुपये. दरमहा फी येते ३,०००. खर्च जातो ९,०००: बाईंचा पगार ६,०००, खाऊ २,०००, भाडे १,०००. जुलैअखेर उरतात ९,०००, ऑगस्टअखेर ३,०००. सप्टेंबरात मात्र ३,००० कमी पडतात.

हे जुलैतच कळते. मग वाण्याला आणि घरमालकाला आधीच विचारावे, सप्टेंबरचे पैसे महिनाभर थांबाल का? दोघे हो म्हणाले की पगार वेळेवर होतो. नवी सतरंजी मात्र ऑक्टोबरात हप्ता हाती आल्यावर, आणि तीही आधी ही उधारी फेडून.