सुरीवरच्या लाटा खऱ्या की छापलेल्या?

ऑनलाइन दुकानांत ‘67 थर, दमास्कस स्टील’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या सुऱ्या काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत मिळतात. फोटोत सगळ्यांच्याच पात्यावर लाटा दिसतात. पण काही पात्यांत पोलादाचे थर खरोखर असतात, तर काहींवर लेसरने किंवा ॲसिडने नुसती नक्षी उमटवलेली असते.

जपानी धाटणीच्या 67 थरांच्या सुरीचा हिशेब सोपा आहे. मधोमध धारेसाठी व्हीजी-10सारख्या कडक पोलादाचा एक गाभा, आणि दोन्ही बाजूंना 33-33 पातळ थर. हे थर दोन वेगवेगळ्या पोलादांचे, आलटूनपालटून जोडलेले असतात. पातं घासून निमुळतं केलं की थर तिरके कापले जातात आणि त्यांच्या कडा पृष्ठभागावर येतात. मग पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की एक पोलाद काळवंडतं, दुसरं चकाकत राहतं. लाटा दिसतात त्या यामुळे.

म्हणून फोटो उघडल्यावर आधी धारेकडे पाहा. अशा सुरीत लाटा धारेच्या थोड्या वर थांबतात. तिथे एक वेडीवाकडी सीमारेषा असते आणि तिच्याखाली गाभ्याची साधी, बिननक्षीची पट्टी. ‘67 थर, व्हीजी-10 गाभा’ असं लिहिलेलं असूनही लाटा थेट धारेपर्यंत पोहोचत असतील, तर वर्णन आणि फोटो जुळत नाहीत. मात्र गाभा नसलेल्या, संपूर्ण पातंच थरांचं असलेल्या सुऱ्याही असतात. त्यांची नक्षी धारेपर्यंत जाणारच, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

खरा पुरावा पात्याच्या पाठीवर मिळतो. लाकडी फळीच्या रेषा जशा तिच्या कडेवरही दिसतात, तसे खरे थर पाठीवर बारीक समांतर रेषांच्या रूपात दिसतात. छापलेली नक्षी पाठीच्या काठाशी तुटते. पण पाठ चकचकीत पॉलिश केलेली असेल, तर खऱ्या सुरीतही त्या रेषा फोटोत दिसत नाहीत. अशा वेळी मुठीजवळची पात्याची टाच समोरून पाहावी. तिथे गाभा आणि दोन्हीकडचे थर ओळखता येतात.

तिसरी खूण म्हणजे पुनरावृत्ती. एकाच मॉडेलच्या दोन सुऱ्यांचे फोटो शेजारी ठेवा. खऱ्या थरांच्या लाटा कधीच हुबेहूब जुळत नाहीत. छापलेल्या नक्षीत तेच वळण त्याच जागी सापडतं. ग्राहकांनी टाकलेले फोटो यासाठी जास्त उपयोगी, कारण विक्रेता बऱ्याचदा एकच चित्र सगळीकडे वापरतो.

थरांमुळे सुरी जास्त चांगली कापत नाही. कापतो तो गाभा, आणि एकाच पोलादाची साधी सुरीही उत्तम असू शकते. तेव्हा थरांचे पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून पाठीचा आणि टाचेचा जवळून काढलेला फोटो मागा. तो देत नसेल, तर ती सुरी घेऊ नका.